एका रस्त्यावर किती फेरीवाले? टेप, वही आणि परवान्यांचा हिशोब

फेरीवाल्यांच्या नियमनाचं काम पहिल्यांदाच हाती आलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही पालिकेत नव्याने रुजू झाला असाल, विक्रेत्यांच्या वतीने समितीवर निवडून गेला असाल किंवा व्यापारी संघाने तुम्हाला बैठकीला पाठवलं असेल. पहिल्याच बैठकीत एक प्रश्न समोर येतो: परवाने किती द्यायचे? प्रत्येक जण आपापला आकडा सांगतो. विक्रेत्यांचा आकडा मोठा, दुकानदारांचा लहान, वाहतूक पोलिसांचा बहुतेक वेळा शून्य. मग ओढाताण होते आणि मधला कुठला तरी आकडा ठरतो. त्या आकड्याचा रस्त्याशी काही संबंध नसतो, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं सगळ्यांनाच त्रास होतो.

आकडा रस्त्यानेच सांगायला हवा. तो कसा काढायचा हे मी एका रस्त्याच्या उदाहरणातून दाखवतो. उदाहरण समजण्यासाठी बेतलेलं आहे, पण त्यातली मापं प्रत्यक्ष कामात येतात तशीच आहेत. रस्त्याची एक बाजू २४० मीटर लांब आहे आणि पदपथ दुकानाच्या भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत ५ मीटर रुंद आहे.

पहिली पायरी: माणसं मोजा, गाड्या नव्हे

नवखे लोक एकदाच फेरी मारतात, दिसतील तेवढ्या हातगाड्या मोजतात आणि परत येतात. ही चूक मी स्वतः केली आहे. एका सर्वेक्षणात आम्ही दोन दिवस सकाळी ११ ते १ या वेळेत मोजणी केली आणि यादी बंद केली. संध्याकाळी बसणारे सगळे त्या यादीतून सुटले. त्यात बायकांची संख्या जास्त होती, कारण घरचं आटोपून त्या चारनंतरच येत. त्यांना पुन्हा यादीत घ्यायला जवळपास वर्ष गेलं आणि तेवढा काळ त्या अनधिकृत ठरल्या. त्यांच्या मालावर कारवाईही झाली.

म्हणून एका दिवसात किमान तीन वेळा जा: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. कामाचा एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस घ्या. वहीत गाडीचं नव्हे, माणसाचं नाव लिहा आणि त्यापुढे तीन गोष्टी नोंदवा: कुठल्या वेळेत बसतो, किती जागा लागते, किती वर्षांपासून इथे आहे. सोबत विक्रेत्यांचाच एक प्रतिनिधी असू द्या. तो नसला तर निम्मे लोक तुम्हाला पाहूनच माल उचलतील.

आपल्या उदाहरणात सकाळी २८ विक्रेते सापडले आणि संध्याकाळी ५२. यातले ९ जण दोन्ही वेळा बसतात. म्हणजे या रस्त्यावर पोट असलेली माणसं ७१, पण एकाच वेळी लागणाऱ्या जागा जास्तीत जास्त ५२. हे दोन आकडे वेगळे ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर उभा आहे.

दुसरी पायरी: पदपथाची रुंदी वाटून घ्या

आता टेप काढा. ५ मीटर ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ते चार जणांत वाटायचे असतात. दुकानाच्या भिंतीला लागून अर्धा मीटर सोडा, कारण काचेत पाहणारे आणि दारातून बाहेर पडणारे तिथे थांबतात. रस्त्याच्या कडेला ४० सेंटिमीटर सोडा, म्हणजे गाडीचा आरसा किंवा बसचा पत्रा कुणाला लागणार नाही. हातगाडीला खोली १.२ मीटर लागते. तिच्यासमोर गिऱ्हाईक उभं राहायला ८० सेंटिमीटर धरा. ही शेवटची पट्टी नकाशात विसरली जाते, आणि नियम पाळूनही रस्ता तुंबतो तो याच कारणाने. गाडी आखलेल्या रेषेत असते, पण तिच्यासमोरची तीन माणसं चालण्याच्या वाटेवर उभी असतात.

एकूण २.९ मीटर गेले, चालायला २.१ मीटर उरले. दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जायला साधारण १.८ ते २ मीटर लागतात, म्हणजे आपण किमान मर्यादेच्या थोडंसंच वर आहोत. पण किमान रुंदी पुरेशी आहे का, हे गर्दीवर ठरतं. सगळ्यात गर्दीच्या वेळी एका जागी उभं राहून १५ मिनिटं जाणारी-येणारी माणसं मोजा. समजा ९०० भरली. म्हणजे मिनिटाला ६०. त्याला २.१ ने भागलं की दर मीटर रुंदीला मिनिटाला साधारण २९ माणसं येतात. पादचारी वाहतुकीच्या नेहमीच्या मापांत २३ ते ३३ या टप्प्यात लोक बऱ्यापैकी मोकळेपणाने चालतात. ३३ च्या वर ओलांडून पुढे जाणं अवघड होऊ लागतं, आणि ५० च्या आसपास एकमेकांना खांदे लागतात. आपला पदपथ २९ वर आहे, तो चालेल. हीच मोजणी मिनिटाला ७५ भरली असती तर आकडा ३६ च्या जवळ गेला असता, आणि मी तिथे संध्याकाळी विक्रीला परवानगी देऊ नका असंच म्हटलं असतं.

पदपथ साधारण पावणेपाच मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर गाडी बसवण्याचा नाद सोडा आणि कडेच्या पार्किंगच्या पट्टीकडे पाहा. एक मोटार उभी राहायला पाच-सहा मीटर लांबी लागते. तेवढ्या जागेत दोन-तीन विक्रेते बसतात. पार्किंगची जागा देताना आरडाओरडा होईल, पण एका मालकाच्या गाडीपेक्षा तीन घरांचा धंदा त्या जागेचा जास्त चांगला उपयोग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एवढीच की वाहनांच्या बाजूला पक्का कठडा हवा.

तिसरी पायरी: लांबीतून वजाबाकी

२४० मीटरमधून आधी चौकाची दोन्ही टोकं काढा, प्रत्येकी १५ मीटर. तिथे गाडी लावली तर वळणाऱ्या चालकाला रस्ता ओलांडणारं मूल दिसत नाही. सगळ्या वजाबाक्यांत ही एक अजिबात सोडू नका. उरले २१०. बसथांब्याचे २५ काढले, १८५. मधल्या पादचारी पट्ट्याचे १५ काढले, १७०. इमारतींची तीन फाटकं आहेत, प्रत्येकी ४ मीटर, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर मोकळे, म्हणजे २४. उरले १४६. अग्निशमनाचा नळ आणि गटाराचं झाकण यांसाठी ६ मीटर. उरले १४०.

हातगाडी १.८ मीटर लांब धरा आणि दर दोन गाड्यांनंतर दीड मीटरची फट ठेवा, म्हणजे रस्त्यावरून पदपथावर चढायला वाट राहील. एका जोडीला ५.१ मीटर लागतात. कागदावर २७ जोड्या, म्हणजे ५४ जागा निघतात. पण १४० मीटर सलग नाहीत, फाटकांनी आणि थांब्यांनी त्यांचे तुकडे झाले आहेत. खडू घेऊन प्रत्यक्ष आखायला गेलात की प्रत्येक तुकड्याच्या टोकाला मीटर-दीड मीटर वाया जातो. आपल्या रस्त्यावर खडूने आखल्यावर ४६ जागा भरल्या. कागदावरचा आकडा कधीही बैठकीत मांडू नका, खडूचा मांडा.

आता दोन्ही वह्या शेजारी ठेवा. जागा ४६, संध्याकाळची गरज ५२, माणसं ७१. घाईत असलेला अधिकारी इथे म्हणतो की ४६ परवाने द्या, २५ जणांना उठवा. हिशोब तसा नाही. सकाळचे २८ जण ४६ जागांत आरामात मावतात. अडचण फक्त संध्याकाळच्या ६ जणांची आहे. त्यांना ५०-६० मीटरवरच्या बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी बसवता आलं, तर ७१ च्या ७१ जणांना परवाना मिळतो. परवाना माणसाला द्यायचा आणि जागा वेळेसह द्यायची, एवढ्या एका फरकाने २५ घरांचा प्रश्न सुटतो.

चौथी पायरी: परवान्याची मर्यादा आणि काळा बाजार

काही शहरं मोजणी न करताच एक कमाल आकडा ठरवतात. न्यूयॉर्कने १९७९ मध्ये सर्वसाधारण वस्तू विकणाऱ्यांचे परवाने ८५३ वर गोठवले आणि १९८३ मध्ये खाद्यविक्रीच्या परवान्यांना ३ हजारांच्या आसपास मर्यादा घातली. शहर वाढत गेलं, आकडा तिथेच राहिला. परिणाम असा की दोन वर्षांसाठी २०० डॉलरला मिळणारा परवाना मूळ धारकांकडून २० हजार डॉलरच्या आसपास भाड्याने घ्यावा लागू लागला. गाडीमागे उभा असलेला माणूस राबत होता आणि कमाई नावावर परवाना असलेल्याच्या घरी जात होती. अखेर २०२१ मध्ये शहराने कायदा करून दरवर्षी ४४५ नवे परवाने टप्प्याटप्प्याने देण्याचं ठरवलं. या नव्या परवान्यात मोठी अट अशी की परवानाधारक स्वतः गाडीवर हजर हवा.

तुमच्या शहरात हा रोग आहे का, हे ओळखायला फार कष्ट लागत नाहीत. वेगवेगळ्या तीन दिवशी, वेगवेगळ्या वेळी जा आणि परवान्यावरचा फोटो गाडीमागच्या माणसाशी जुळतो का पाहा. एकदा न जुळणं साहजिक आहे. आजारपण असतं, माल आणायला जावं लागतं, आणि घरच्या माणसाने बसणं नियमातच मान्य असायला हवं. तिन्ही वेळा तिसराच माणूस दिसला तर परवाना भाड्याने गेला आहे. अशा वेळी दंड कुणाला करायचा हे नीट ठरवा. गाडी उचललीत तर भाडं भरून राबणाऱ्याचं नुकसान होतं, धारकाचं काहीच जात नाही. परवाना धारकाकडून काढून तिथे प्रत्यक्ष बसणाऱ्याच्या नावाने द्या. धारकाला चाप बसतो तो त्यानेच.

परवाना न विकता येणारा, पण धारक वारल्यास किंवा कायमचा आजारी पडल्यास जोडीदाराला किंवा मुलाला मिळणारा असावा. भारताच्या २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात अशी तरतूद आहे. त्याच कायद्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही न उठवण्याचं बंधन आहे. कमाल संख्या म्हणून लोकसंख्येच्या अडीच टक्के हे प्रमाण दिलं आहे. अडीच टक्के हा पूर्ण शहरासाठी किंवा प्रभागासाठीचा अंदाज आहे. एखाद्या ठरावीक रस्त्यावर किती मावतील हे तो सांगत नाही. ते तुमचा खडूच सांगतो.

पाचवी पायरी: क्षेत्र ठरवताना गिऱ्हाइकाच्या पायांमागे जा

६ जणांना गल्लीच्या तोंडाशी हलवायचं म्हटलं, तेव्हा अंतर मी मुद्दाम ५०-६० मीटर सांगितलं. फेरीवाला क्षेत्रं ओस पडतात त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: रिकामा भूखंड होता म्हणून तिथे क्षेत्र केलं. ओटे बांधले, छप्पर घातलं, क्रमांक टाकले. पहिल्या महिन्यात सगळे गेले, तिसऱ्या महिन्यात निम्मे परतले, कारण चालत जाणारा माणूस वाकडी वाट करून खरेदीला येत नाही. नव्या जागेवर आधी १५ मिनिटांची तीच मोजणी करा. जुन्या जागेवर मिनिटाला ६० माणसं जात असतील आणि नव्या जागेवर ८, तर तिथे कुणालाही पाठवू नका.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरातलं वॉरविक जंक्शन पाहण्यासारखं आहे. रोज ४ लाखांहून जास्त प्रवासी तिथून जातात आणि हजारो विक्रेते त्यांच्यावर जगतात. १९९० च्या दशकात पालिकेने जडीबुटी विकणाऱ्यांना पदपथावरून हलवलं, पण शहराबाहेर धाडलं नाही. त्याच परिसरात वापरात नसलेला एक उड्डाणपूल होता, त्यावर त्यांचा बाजार बसवला आणि तो पादचाऱ्यांच्या वाटांना जोडून घेतला. गिऱ्हाइकांची वाट तीच राहिली, म्हणून बाजारही टिकला.

सिंगापूरचं उदाहरण बैठकीत कुणीतरी काढतंच. तिथे १९६८-६९ मध्ये सुमारे १८ हजार विक्रेत्यांची नोंदणी झाली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या केंद्रांत नेलं. हे जमलं, कारण केंद्रं नव्या वसाहतींच्या जवळ बांधली, जमीन बव्हंशी सरकारच्या हाती होती आणि त्यासाठी १५ वर्षं घेतली. सहा महिन्यांत रस्ता मोकळा करा असं सांगणाऱ्याला हे कॅलेंडर दाखवा.

सहावी पायरी: कोंडी नेमकी कशाने होते ते पाहा

वाहतूक पोलिसांची तक्रार खरी असते, पण कारण अनेकदा चुकीचं धरलेलं असतं. चौकाजवळ तासभर उभं राहा आणि वाहन कशामुळे थांबलं ते प्रत्येक वेळी लिहा. रस्त्यात आलेली हातगाडी हे कारण थोड्याच वेळा निघेल. बरेचदा कुणी दुचाकी चालू ठेवून, न उतरता खरेदी करत असतो आणि त्याच्यामागे एक पूर्ण मार्गिका अडलेली असते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हातगाडीचं तोंड फिरवणं. विक्रेत्याची पाठ रस्त्याकडे आणि माल पदपथाकडे असला की वाहनावर बसून खरेदी करताच येत नाही. खरेदी करणाऱ्याला उतरावं लागतं, म्हणजे वाहन कुठेतरी नीट लावावं लागतं. परवान्यावर जागेच्या मापाबरोबर गाडीचं तोंड कुठल्या दिशेला हे लिहा. विक्रेते सुरुवातीला नाराज होतात, कारण वाहनावरचं गिऱ्हाईक तुटतं. त्यांना हे स्पष्ट सांगा, लपवू नका. त्याच्या मोबदल्यात पदपथावरची जागा कायम होते, हेही सांगा.

सातवी पायरी: दुकानदाराच्या तीन तक्रारी सुट्या करा

दुकानदार बोलायला लागतो तेव्हा तीन तक्रारी एकात गुंतलेल्या असतात. पहिली: दार आणि पाटी झाकली जाते. दुसरी: माल उतरवायला जागा नाही. तिसरी: फेरीवाला तोच माल स्वस्तात विकतो, कारण त्याला भाडं नाही.

पहिल्या दोन मापाने सुटतात. प्रत्येक दारासमोर दाराच्या रुंदीएवढी फट ठेवा. आपल्या आखणीतल्या दीड मीटरच्या फटी सरकवून दारांसमोर आणल्या तर बहुतेक वेळा एकही जागा कमी होत नाही. गाडीचं छत्र किंवा ताडपत्री किती उंच असावी ते ठरवा, म्हणजे पाटी दिसेल. माल उतरवायला सकाळी ठरावीक दोन तास द्या आणि त्या वेळेत समोरच्या दोन जागा रिकाम्या ठेवा. हे मान्य करताना दुकानदारालाही एक अट घाला: त्याची भिंतीलगतची अर्ध्या मीटरची पट्टी ओलांडून त्याने माल बाहेर मांडायचा नाही. रेषा दोघांना एकच हवी. पुष्कळदा पदपथ अडवण्यात दुकानाबाहेर लटकवलेल्या मालाचा वाटा गाडीइतकाच असतो. काही ठिकाणी तर दुकानदारच आपल्या समोरच्या सार्वजनिक जागेचं भाडं विक्रेत्याकडून घेत असतो. सर्वेक्षणाच्या वेळी विक्रेत्याला एकांतात विचारलंत तर तो सांगेल.

तिसरी तक्रार स्पर्धेची आहे, आणि रस्त्याचं नियमन हे तिचं ठिकाण आहे का यावर मतभेद आहेत. अमेरिकेतल्या शिकागोमध्ये खाद्यविक्रीच्या ट्रकने उपाहारगृहापासून २०० फूट दूर राहावं असा नियम आहे, आणि २०१९ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्याच देशात कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये उलटा कायदा केला. शहरांनी पदपथावरच्या विक्रीवर बंधन घालायचं तर त्याला आरोग्य, सुरक्षा किंवा लोकहिताचं वस्तुनिष्ठ कारण हवं, आणि व्यावसायिक स्पर्धा हे तसं कारण धरता येणार नाही. मी कॅलिफोर्नियाच्या बाजूचा आहे. दाट वस्तीत दर दुकानाभोवती २०० फुटांचं वर्तुळ काढा, नकाशावर विक्रीला जागाच उरत नाही. बंदी न म्हणता केलेली ती बंदी होते. अगदी दारासमोर तोच माल नको, एवढी तडजोड आपसांत होऊ शकते आणि ती करून घ्यावी. ती नियमात घालू नका, नाहीतर कोणता माल ‘तोच’ यावर दर आठवड्याला सुनावणी घ्यावी लागेल.

आठवी पायरी: आखल्यानंतर

रंगाने जागा आखा, क्रमांक टाका आणि तोच क्रमांक वेळेसह परवान्यावर छापा. मग पाहणाऱ्या कुणालाही भांडण न करता कळतं की २३ क्रमांक संध्याकाळी कुणाचा. कारवाईत आधी ताकीद, मग दंड, मग काही दिवसांची बंदी असा क्रम ठेवा. माल जप्त केलाच तर जागेवरच यादी करून विक्रेत्याच्या हातात द्या. भारताच्या कायद्यात नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा आहे, ठरलेलं शुल्क भरल्यावर. यादीशिवाय जप्ती म्हणजे हप्त्याला आमंत्रण आहे, कारण मग सोडवणूक तोंडी ठरते.

सहा महिन्यांनी टेप घेऊन पुन्हा जा आणि तीच चार मापं घ्या: भिंतीची पट्टी, चालण्याची वाट, गिऱ्हाइकाची पट्टी, गाडीची खोली. गाड्या फुगलेल्या दिसतील. १.२ मीटरची गाडी फळी लावून दीड मीटर झालेली असते. एक-दोघांनीच फळी लावली असेल तर ताकीद द्या. रांगेतल्या निम्म्यांनी लावली असेल तर मूळ मापच लहान ठरलं आहे. तेव्हा विक्रेत्यांना घेऊन नव्याने आखा, मग दर गाडीला थोडी जास्त जागा देऊन ४६ च्या ४२ जागा झाल्या तरी चालेल. उरलेल्या चौघांसाठी गल्लीच्या तोंडाशी जागा आहे का, हे त्याच दिवशी मोजून या.